प्रथिनाची साखळी सगळ्या घड्या न चाचपता नेमक्या घडीत पोचते कशी?

शंकेखोर

माझी भाची बारावीला आहे. रविवारी जेवताना तिने एक प्रश्न टाकला आणि मी अजून त्यातच अडकलोय. मी स्थापत्य अभियंता, जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

१०० अमिनो आम्लांची साखळी घ्या. प्रत्येक सांध्याला समजा तीनच प्रकारे वळता येतं. एकूण आकार झाले ३ चा १०० वा घात, म्हणजे ५ वर ४७ शून्यं. सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात एक आकार तपासला, तरी सगळे संपायला जी वर्षं लागतील तो आकडा २८ अंकी आहे. विश्वाचं वय ११ अंकी. आणि प्रत्यक्षात ही साखळी सेकंदाच्या आत नेमक्या घडीत बसते. पुस्तकात याला 'लेव्हिन्थालचा विरोधाभास' म्हणून एक चौकट दिली आहे आणि खाली एक नरसाळं काढलंय. नरसाळं काढल्याने प्रश्न कसा सुटला, हे भाचीला कळलं नाही. मलाही नाही. साखळीला 'आता बरोबर दिशेला चाललोय' हे सांगतं कोण?

घाटावरचा

याचं उत्तर आपल्या माणसानेच दिलंय की! जी. एन. रामचंद्रन, मद्रास, १९६३. साखळीच्या कण्यातल्या सांध्याला वाट्टेल तसं वळता येत नाही, अणू एकमेकांवर आपटतात. त्यांच्या नकाशात बहुतेक जागा बाद आहे. म्हणजे शक्यता मुळात तेवढ्या नाहीतच. प्रश्नच चुकीचा मांडलाय.

आकडेमोड

@घाटावरचा, नकाशा बरोबर, निष्कर्ष घाईचा. धाग्यात प्रत्येक सांध्याला तीनच जागा धरल्यात, त्या बाकीच्या बाद करूनच. बरं, अजून छाटा. तीनऐवजी दोन ठेवा. २ चा १०० वा घात म्हणजे साधारण १ वर ३० शून्यं. त्याच वेगाने तपासलं तर चार अब्ज वर्षं. पायाची संख्या लहान केली तरी घात १०० च राहतो, आणि खरा त्रास घाताचा आहे.

खट्याळ_काका

मग उकडलेलं अंडं थंड केल्यावर परत पातळ का होत नाही? साखळी तीच आहे ना? नरसाळ्यात घरंगळत परत खाली यायला हवी.

(बायको म्हणते धाग्यावर उत्तर मिळेपर्यंत अंडाकरी गार होईल.)

रानजाई

काका, तुमच्या अंड्याकडे येते, आधी मूळ प्रश्न. मी पीएचडी याच विषयात केली, आता शिकवते. म्हणून जरा लांबेल.

लेव्हिन्थालने १९६९ मध्ये हे गणित मांडलं ते निसर्ग अशक्य काही करतो हे दाखवायला नव्हे. त्याचं म्हणणं सरळ होतं: आंधळा शोध शक्य नाही, म्हणजे शोध आंधळा नसणार. गडबड 'तपासणे' या शब्दात आहे. आपण धरून चालतो की चुकीचे सगळे आकार सारखेच चुकीचे. एका सपाट माळावर एकच विहीर आहे आणि डोळे बांधलेला माणूस ती शोधतोय. अशा माळावर विहिरीपासून दोन पावलांवर असणं आणि दोन कोसांवर असणं यात काहीच फरक नाही, कारण पायाखालची जमीन काही सांगत नाही.

आता नंबरचं कुलूप आठवा, सायकलच्या साखळीला असतं ते. चार चकत्या, दहा हजार शक्यता. पण कुलूप जुनं झालं की बरोबर आकड्यावर चकती किंचित अडकते. मग चारही आकडे एकदम जुळायची वाट बघावी लागत नाही. एकेक चकती स्वतंत्र सुटते आणि चाळीस प्रयत्नांत काम होतं. प्रथिनात हे 'अडकणं' म्हणजे थोडीशी ऊर्जा. बरोबर वळलेला तुकडा चुकीच्या तुकड्यापेक्षा जरासा जास्त टिकतो. साखळीला कोणी काही सांगत नाही. ती उष्णतेने सतत थरथरते, सगळीकडे वळून बघते, फक्त चुकीच्या वळणातून लवकर सुटते आणि बरोबर वळणातून उशिरा.

१९९२ मध्ये झ्वान्झिग, झाबो आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे बिमन बागची यांनी नेमकं हे गणित करून दाखवलं. @आकडेमोड, तुमच्या नावाला जागून करून बघा.

आकडेमोड

केलं. चहा संपायच्या आत होतं.

प्रत्येक सांध्याला एक वळण बरोबर, दोन चुकीची. चुकीच्या वळणाला U इतकी ऊर्जा जास्त. ती kT त मोजलीय, kT म्हणजे त्या तापमानाला उष्णतेच्या थरथरीची ऊर्जा. सांधा बरोबर वळणावर यायचा वेग सेकंदाला अब्जभर धरला. १०० च्या १०० सांधे पहिल्यांदा एकाच वेळी बरोबर असायला लागणारा सरासरी वेळ, सेकंदांत:

```
K = 2 * exp(-U/kT)
t = (1 + K)^100 / (100 * K * 10^9)
```

U शून्य ठेवला की लेव्हिन्थालचा माळ मिळतो, विश्वाच्या वयाच्या कैक पट. U = 1 kT ठेवला, तर सुमारे ४ लाख वर्षं. U = 2 kT ला साधारण १ सेकंद. U = 3 kT ला सेकंदाचा दहा लाखावा भाग.

मी तीनदा तपासलं. 1 kT म्हणजे खोलीच्या तापमानाला मोलमागे जेमतेम ०.६ किलोकॅलरी. एवढ्याशा कलाने ४ लाख वर्षांचा १ सेकंद होतो, कारण तो कल शंभरदा गुणला जातो. ज्या घाताने घात केला होता, तोच इथे कामाला आला.

पण मग एक अडचण दिसली आणि ती मला सुटत नाही. U = 2 kT ला कोणत्याही क्षणी सरासरी ७९ च सांधे बरोबर असतात. म्हणजे साखळी एका सेकंदात पूर्ण घडीला पोचते खरी, पण पुढच्याच क्षणी एखादा सांधा सुटतो. पूर्ण घडीत ती वेळेच्या अब्जाव्या भागाचा दहावा भागही राहत नाही! पोचून उपयोग काय?

रानजाई

व्वा. ही अडचण बहुतेकांना दिसतच नाही.

म्हणूनच या मॉडेलमध्ये पूर्ण घडीला वेगळं बक्षीस द्यावं लागतं, आणि ते देण्याला कारण आहे. आतली पाणी टाळणारी अमिनो आम्लं एकमेकांत घट्ट बसली, मधलं पाणी हुसकलं गेलं, की जी स्थिरता मिळते ती एकेका सांध्याची नसते, ती सगळे जागेवर असले तरच मिळते. कमानीचा शेवटचा दगड म्हणा, तुमच्या शंकेखोरांना पटेल. छोटा कल साखळीला जवळ आणतो आणि एकत्र बसणं तिला धरून ठेवतं. ही दोन कामं वेगळी आहेत. पुस्तकातलं नरसाळं दोन्ही एकाच रेषेत काढतं, म्हणून भाचीचा गोंधळ झाला.

शंकेखोर

कमान पटली. 😀 पण दगड बसेपर्यंत कमानीला खालून आधार लागतो. इथे तो आधार कोणता? आणि हे 'छोटे कल' येतात कुठून? सांध्याला स्वतःचं बरोबर वळण आधीच ठाऊक असल्यासारखं धरलंय की.

घाटावरचा

ते नरसाळ्यातच आहे. रामचंद्रनबाबत मी घाई केली, मान्य. पण नरसाळ्याचा अर्थ मला माहीत आहे. वर तोंड रुंद म्हणजे आकार पुष्कळ, खाली निमुळतं म्हणजे आकार कमी आणि ऊर्जाही कमी. कोयनेच्या पाणलोटात थेंब कुठेही पडला तरी धरणातच येतो, त्याला सगळा सह्याद्री फिरावा लागत नाही. उतारच उतार. मध्ये अडथळा नाही, त्यामुळे वेळही लागत नाही.

रानजाई

पाणलोटाची उपमा मी वर्गात चोरणार आहे. पण 'मध्ये अडथळा नाही' हे चूक आहे, आणि ते चूक आहे हे मोजता येतं.

जवाच्या म्हणजे बार्लीच्या दाण्यात एक छोटं प्रथिन आहे, कायमोट्रिप्सिन इन्हिबिटर २. सगळे त्याला सीआय-टू म्हणतात. ६४ अमिनो आम्लं, गंधकाचा एकही पूल नाही. केंब्रिजला जॅक्सन आणि फर्श्ट यांनी १९९१ मध्ये ते ग्वानिडीन या घडी मोडणाऱ्या रसायनात उलगडलं आणि मग एकदम भरपूर पाण्यात मिसळून ग्वानिडीन विरळ केलं. मिसळायचं यंत्र हजाराव्या सेकंदाच्या आसपास काम करतं. साखळीत ट्रिप्टोफॅन हे चमकणारं अमिनो आम्ल एक आहे, घडी पडली की त्याची चमक बदलते, ती बघत बसायचं.

सगळा उतारच असता तर घडी काही मायक्रोसेकंदांत पडली असती. सीआय-टूला निम्मे रेणू घडीत यायला सुमारे १४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजारो पट उशीर. शिवाय चमक बदलते ती रेडिओअॅक्टिव्ह पदार्थ विरतो तशा साध्या वक्रात. प्रत्येक रेणू कितीतरी वेळ उलगडलेलाच भटकतो आणि मग एकदम, बघता बघता, घडीत जातो. अर्धवट घडीचे रेणू कधी साठलेले दिसत नाहीत. ही अडथळ्याची खूण आहे.

अडथळा येतो कुठून, तर हिशेबाच्या वेळा चुकण्यातून. साखळी आखडू लागली की तिचं स्वातंत्र्य आधी जातं, म्हणजे एन्ट्रॉपीची किंमत आगाऊ मोजावी लागते. ऊर्जेचा फायदा मात्र बरेच संपर्क जुळल्यावर हातात येतो. आधी खर्च, मग उत्पन्न, आणि मधला तोटा म्हणजे टेकडी. नरसाळ्याच्या चित्रात एन्ट्रॉपी रुंदीत लपवलेली असते, उंचीत ऊर्जाच असते, म्हणून टेकडी दिसत नाही.

आता शंकेखोरांचा 'कल कुठून येतो' हा प्रश्न. फर्श्टच्या गटाने एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिलं की घडी पडायचा वेग बदलतो की उलगडायचा. पडायचा वेग बदलला तर ती जागा टेकडीच्या माथ्यावरच जुळलेली असते. नुसता उलगडायचा बदलला तर ती नंतर जुळते. सीआय-टूत माथ्यावर सगळ्यात जास्त जुळलेली जागा निघाली ती साखळीच्या मळसूत्रासारख्या वळलेल्या तुकड्यातली १६ वी, अलॅनिन. आणि तिला टेकलेल्या जागा कोणत्या, तर ४९ आणि ५७, साखळीत पार दुसऱ्या टोकाला. मळसूत्राचा तो तुकडा वेगळा काढून पाण्यात ठेवला तर त्याची घडी टिकत नाही. म्हणजे स्थानिक कल आहे, पण दुबळा. दूरचा तुकडा येऊन टेकला की तो बळावतो. आधी मळसूत्र पक्कं आणि मग बाकीचं, असा क्रम इथे नाही. दोघं एकमेकांना धरून एकदमच उभे राहतात. शंकेखोर, तुमच्या कमानीचा आधार हाच. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांवर रेलतात.

आकडेमोड

म्हणजे माझ्या गणितात U कायम धरला, तो खरं तर जसजशी घडी पडते तसा वाढतो?

रानजाई

हो. सुरुवातीला तुमचा U ४ लाख वर्षांच्या बाजूला असतो. पुढे जमत जातं तसा तो सेकंदाच्या बाजूला सरकतो.

नात_सातारकर

माफ करा, विषय जरा वेगळा असेल. आजीची इन्सुलिनची बाटली चुकून बर्फाच्या कप्प्यात राहिली आणि गोठली. ती वितळल्यावर स्वच्छ दिसतेय. तुम्ही म्हणताय घडी आपोआप परत पडते, तर मग वापरली तर चालेल ना? बाटली जवळजवळ भरलेली आहे.

रानजाई

नाही, ताई, वापरू नका. गोठलेली बाटली फेकूनच द्यायची, दिसायला स्वच्छ असली तरी. नवी कधी आणायची आणि मधला डोस कसा, ते आज डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना फोन करून विचारा.

विषय वेगळा नाही मात्र. इन्सुलिन हा या धाग्यातला चांगला अपवाद आहे. शरीरात ते ८६ अमिनो आम्लांची एकच साखळी म्हणून तयार होतं आणि तशीच तिची घडी पडते. मग मधला तुकडा कापून टाकला जातो. उरतात दोन साखळ्या, २१ आणि ३० च्या, गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या. घडी पडण्याचा रस्ता ज्या साखळीत होता, ती आता राहिलीच नाही. बाटलीतल्या इन्सुलिनचे पूल शाबूत असतात, पण एकदा विस्कटलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे करायला लागले की परत फिरत नाहीत.

काका, तुमचं अंडंही हेच. नरसाळं काढलंय ते एकट्या साखळीचं, भरपूर पाण्यातल्या. उकळत्या अंड्यात उलगडलेल्या साखळ्यांची गर्दी असते. प्रत्येकीचा चिकट भाग उघडा पडलेला. स्वतःशी जुळण्याआधी शेजारणीशी जुळतात. थंड केल्यावर त्या गुंत्यातून सुटायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही.

नात_सातारकर

टाकून दिली. डॉक्टरांशी बोलले. धन्यवाद.

बफरवाला

गर्दीचा विषय निघालाच आहे तर माझं रडगाणं. जिवाणूत एक प्रथिन बनवतोय, सगळं इन्क्लूजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गुठळीत जातं. ८ मोलर युरियात छान विरघळतं. मग पिशवीत घालून डायलिसिस लावतो, रात्रभर, हळूहळू युरिया काढतो. सकाळी पिशवीत दही. वरिष्ठ म्हणतात अजून हळू काढ, त्याला रस्ता शोधायला वेळ दे. तीन दिवस लावले. घट्ट दही.

रानजाई

वेळ नेमका चुकीच्या ठिकाणी देताय. २ ते ४ मोलर युरियाच्या मधल्या पट्ट्यात साखळी अर्धवट मिटलेली आणि चिकट असते, आणि युरिया इतका पुरेसा नसतो की गुठळी विरघळेल. तुम्ही तिला तिथेच तीन दिवस बसवलंत.

एक कसोटी करा. घडी पडणं एकट्या रेणूचं काम आहे, तिचा वेग दाटपणावर अवलंबून नसतो. चिकटायला निदान दोघं लागतात, त्यामुळे दहापट विरळ केलं की चिकटणं दहापटीहून जास्त मंदावतं. युरियातलं प्रथिन थेंबथेंब भरपूर थंड बफरमध्ये सोडा, जोरात ढवळत. एकदा मिलीलिटरला अर्धा मिलिग्रॅम, एकदा ०.०५. विरळ प्रयोगात हाती येणारा टक्का ठळक वाढला तर तुमची साखळी ठीक आहे, गर्दी नडतेय. टक्का तेवढाच राहिला तर अडचण साखळीत आहे. बफरमध्ये अर्धा मोलर आर्जिनिन घालून बघा, चिकटणं कमी होतं. गंधकाचे पूल जोडणारी सिस्टीन किती आहेत?

बफरवाला

चार. आणि प्रोलिन बरेच.

रानजाई

मग ऑक्सिडाइज्ड आणि रिड्यूस्ड ग्लुटाथायोनची जोडी हवी, म्हणजे चुकीचा पूल सुटून परत जुळू शकेल. नाहीतर पहिला चुकीचा पूल कायमचा. ॲनफिन्सनने १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएजवर हेच पाहिलं होतं. त्यात ८ सिस्टीन, जोड्या लावायच्या १०५ तऱ्हा, बरोबर एकच. युरियातच पूल जुळू दिले तर भलतेच जुळले आणि प्रथिन निकामी झालं. मग युरिया काढून पूल सैल करणारं रसायन किंचित घातल्यावर तेच प्रथिन हळूहळू सुधारलं.

प्रोलिनमुळे वेळ लागतो. तिचा बंध उलगडलेल्या अवस्थेत पलटतो आणि परत पलटायला सेकंद-मिनिटं घेतो. सीआय-टूतही काही रेणू १४ मिलिसेकंदांत येत नाहीत, मागे राहतात, त्याचं कारण हेच. ओळखायची युक्ती सोपी आहे: प्रथिन क्षणभरच उलगडायचं, प्रोलिनला पलटायला वेळ न देता, आणि लगेच परत घडी पाडायची. मंद टोळी गायब झाली तर प्रोलिनच.

घाटावरचा

म्हणजे शेवटी सगळ्यात कमी ऊर्जेची अवस्था तीच मूळ घडी, एवढं तरी माझं बरोबर?

रानजाई

बहुतेकदा. नेहमी नाही. अल्फा-लायटिक प्रोटिएज म्हणून जिवाणूचं एक एन्झाइम आहे. त्याची कामाची घडी उलगडलेल्या अवस्थेपेक्षा कमी स्थिर आहे. ते टिकतं ते मधली टेकडी प्रचंड उंच आहे म्हणून. ही घडी मुळात पडते ती साखळीला जोडून आलेल्या दुसऱ्या तुकड्याच्या मदतीने, आणि काम झाल्यावर एन्झाइम तो तुकडा खाऊन टाकतं. त्या तुकड्याशिवाय निम्मे रेणू घडीत यायला लागणारा काळ १९९८ मध्ये काढला गेला, तो सुमारे १८०० वर्षं. इथे लेव्हिन्थालला हवा होता तसला उशीर खरोखर आहे.

शंकेखोर

एक शेवटचं. पाणलोटात वाटा अनेक. सगळे रेणू वेगवेगळ्या वाटांनी येतात, की एक ठरलेली वाट आहे?

रानजाई

इथे भांडण आहे, आणि मिटलेलं नाही. एक बाजू म्हणते वाटा असंख्य. दुसरी म्हणते साखळीचे ठरावीक तुकडे ठरावीक क्रमाने मिटतात. दुसरी बाजू पुरावा देते तो हायड्रोजन अदलाबदलीचा: पाण्यात उघडा पडलेला हायड्रोजन बदलला जातो, घडीत दडलेला वाचतो, त्यावरून कोणता भाग आधी मिटला ते कळतं. जयंत उदगावकर, जे पुढे पुण्याच्या आयसरचे संचालक झाले, त्यांनी बाल्डविनबरोबर १९८८ मध्ये रायबोन्यूक्लिएजवर हे केलं आणि लवकर मिटणारा भाग दाखवला. गंमत म्हणजे त्यांच्याच गटाने पुढे बंगळूरला बारस्टार या ८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनात एकापेक्षा जास्त वाटा दाखवल्या. माझं मत विचाराल तर प्रथिनागणिक उत्तर वेगळं आहे, आणि आपण कोणत्या खिडकीतून बघतो त्यावरही. चमक मोजणाऱ्याला एक वाट दिसते, हायड्रोजन मोजणाऱ्याला दुसरी.

आकडेमोड

भाचीला तीन ओळी सांगा: 1 kT, 2 kT, 3 kT. नरसाळं नंतर.

बफरवाला

आठ दिवसांनी परत आलो. ०.०५ ला द्रावण स्वच्छ राहिलं, ०.५ ला दही. आर्जिनिन आणि ग्लुटाथायोन दोन्ही घातले होते. म्हणजे गर्दीच. पण आता माझ्याकडे चार लिटर पातळ द्रावण आहे आणि दाट करायला घेतलं की फिल्टरवर परत पांढरं धरतं.

रानजाई

जे धरतंय ते बहुधा घडी न पडलेलं उरलंसुरलं. किंवा आर्जिनिन फार लवकर काढलंत. दाट करण्याआधी थोडं घेऊन रेणू आकारमानाप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनवर चालवा आणि शिखरं किती येतात ते इथे टाका.